'किंवा' आणि 'आणि' मधले गोदाम

या आठवड्यात एका वाचकांचा प्रश्न आला आहे. ते विचारतात, गोदाम भाड्याने देण्यासाठीच बांधले आणि भाड्यावर जीएसटी भरतो, मग बांधकामावर भरलेल्या कराचे क्रेडिट का नाही?

रक्कम मांडून पाहू. सिमेंट, सळ्या आणि इतर कामे मिळून १ कोटीचा खर्च. आजच्या १८ टक्के दराने त्यावर १८ लाख कर. वर्षाचे भाडे १० लाख, त्यावर कर १ लाख ८० हजार. क्रेडिट मिळाले असते, तर दहा वर्षे भाड्यावरचा कर रोखीने भरावाच लागला नसता. पण कलम १७(५)(ड) म्हणते की स्वतःसाठी बांधलेल्या स्थावर मालमत्तेवर क्रेडिट नाही, मग ती धंद्यासाठी का असेना. परिणामी ते १८ लाख खर्चात मुरतात, भाड्यात शिरतात आणि त्या भाड्यावर पुन्हा कर लागतो. करावर कर नको म्हणून आणलेल्या कायद्यातच हा प्रकार आहे.

याच मुद्द्यावर भुवनेश्वरच्या एका मॉलचे प्रकरण सफारी रिट्रीट्स या नावाने गाजले. ओरिसा उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मॉलवाल्यांच्या बाजूने कौल दिला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम घटनेला धरून असल्याचे सांगितले, पण एका शब्दावर बोट ठेवले. इतरत्र 'प्लांट आणि मशिनरी' असे लिहून त्यातून इमारत वगळली आहे; या उपकलमात मात्र 'प्लांट किंवा मशिनरी' होते. तेव्हा एखादी इमारत त्या व्यवसायाचे साधनच असेल, तर ती 'प्लांट' ठरून या बंदीतून सुटू शकते; ते प्रत्येक प्रकरणात तपासावे, असा निकाल झाला. सरकारने २०२५ च्या वित्त कायद्यात 'किंवा'चे 'आणि' केले, तेही १ जुलै २०१७ पासून लागू धरून. दार उघडते न उघडते तोच बंद झाले.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही. बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्यावर इमारत विकली तर विक्रीवर जीएसटी नाही. क्रेडिट घेऊन मालक मोकळा होईल. पण यंत्रसामग्री मध्येच विकली, तर उरलेल्या काळाचे क्रेडिट परत करायला लावायची सोय कायद्यात आहेच. प्रत्येक तिमाहीला ५ टक्के उतरते. तोच हिशेब, हवी तर जास्त वर्षांचा, इमारतीला लावता आला असता. गळतीची भीती हे सरसकट बंदीचे कारण मला पटत नाही. महसूल सोडायचा नाही, हे कारण जास्त खरे वाटते.

त्या वाचकांना उत्तर म्हणून एवढेच: गोदामात यंत्र बसवले असेल, तर यंत्राच्या आणि त्याला जमिनीशी जोडणाऱ्या पायाच्या कराचे क्रेडिट घ्या, भिंती-छपराचे नाही. दुरुस्तीचा खर्च हिशेबात मालमत्तेच्या किमतीत चढवला, तर तेवढे क्रेडिटही गेले. तो महसुली खर्चात टाकला असेल तर ही बंदी लागत नाही. म्हणून दुरुस्तीचे बिल कुठल्या खात्यात जाते, ते वर्षअखेरीच्या आधी पाहा.