हुकलेली गोळी आणि मागे फिरवलेला डाव

स्क्रीनवर आकडा दिसतो 65 टक्के. नवखा शिपाई नेम धरतो, गोळी सुटते आणि परग्रहवासी सेक्टॉइडच्या कानाजवळून निघून जातो. खेळाडू वैतागून मेनू उघडतो, मिनिटभरापूर्वीचा सेव्ह लोड करतो आणि त्याच शिपायाला तीच गोळी पुन्हा झाडायला लावतो. पुन्हा हुकते. तिसऱ्यांदा, चौथ्यांदाही तेच. नशीब इतकं वाईट असतं का, असं वाटून तो गेमलाच लबाड ठरवतो.

‘एक्सकॉम: एनिमी अननोन’ हा फिरॅक्सिस कंपनीचा गेम 2012 साली आला, तेव्हा हा अनुभव कितीतरी जणांनी घेतला. गेम लबाडी करत नव्हता. पहिल्या वेळी गोळी हुकली त्या क्षणीच पुढच्या सगळ्या प्रयत्नांचं उत्तर ठरलेलं होतं. ते कसं, हे कळलं की सेव्ह पुन्हा लोड केल्याने खेळाची मजा जाते का, या जुन्या वादाकडेही जरा नीट पाहता येतं.

संगणकाला फासा टाकता येत नाही. त्याला फक्त हिशेब येतो. म्हणून बहुतेक गेम एका आकड्यापासून सुरुवात करतात, त्यावर ठरावीक गणित करतात आणि आलेलं उत्तर ‘यादृच्छिक’ म्हणून वापरतात. पुढच्या वेळी त्याच उत्तरावर पुन्हा तेच गणित. सुरुवातीच्या आकड्याला सीड म्हणतात. तो बहुधा संगणकाच्या घड्याळातून उचललेला असतो, त्यामुळे प्रत्येक नवा डाव वेगळा निघतो. ‘माइनक्राफ्ट’ खेळणाऱ्या मुलांना सीड चांगला ठाऊक असतो. मित्राने दिलेला सीड त्याच आवृत्तीत टाकला की त्याच्यासारखेच डोंगर, त्याच्यासारख्याच नद्या.

कागदावर करून पाहता येईल असं एक छोटं गणित घेऊ. हातातल्या आकड्याला 21 ने गुणायचं, त्यात 17 मिळवायचे आणि उत्तराचे शेवटचे दोन अंक ठेवायचे. सीड 42 धरला तर 42 गुणिले 21 म्हणजे 882, अधिक 17 म्हणजे 899, म्हणून पहिला आकडा 99. तेच 99 वर केलं की 96. मग 33, मग 10, मग 27, मग 84. पाहणाऱ्याला काही क्रम आहे असं चटकन वाटत नाही. पण एकक स्थानचे अंक वाचून पाहा: 9, 6, 3, 0, 7, 4. प्रत्येक वेळी तीन कमी होतात. साध्या गणिताची खूण ही अशी शेवटच्या अंकांत उघडी पडते. म्हणून गेममध्ये याहून खूप मोठे आकडे आणि गुंतागुंतीची गणितं असतात. तत्त्व मात्र हेच.

आता गोळीकडे येऊ. नेम 65 टक्के असेल तर नियम सोपा: यादीतला पुढचा आकडा 65 पेक्षा कमी असेल तर गोळी लागली, नाहीतर हुकली. आपल्या यादीत पुढे 99 आहे, म्हणजे हुकली. ‘एक्सकॉम’ने काय केलं, तर सेव्ह करताना शिपायांच्या जागा आणि दारूगोळा यांच्याबरोबर यादीत आपण कुठवर आलो आहोत तेही लिहून ठेवलं. छापील क्रमांकांच्या पावतीपुस्तकात जशी पुढची पावती आधीच ठरलेली असते, तसंच हे. सेव्ह लोड केला, तीच गोळी झाडली की पुन्हा 99 च हाती येणार. शंभर वेळा केलं तरी फरक नाही.

पण यातून वाट काढणारेही लगेच निघाले. समजा तीन शिपाई आहेत. पहिल्याचा नेम 65 टक्के, दुसऱ्याचा 45, तिसऱ्याचा 25. यादीत पुढे 99, 96 आणि 33. याच क्रमाने झाडल्या तर तिन्ही गोळ्या वाया, कारण 33 हा 25 पेक्षा मोठा. पण सेव्ह लोड करून आधी कच्च्या नेमाच्या दोघांना झाडायला लावलं, तर 99 आणि 96 त्यांच्या वाट्याला जातात, पहिल्याला 33 मिळतो आणि सेक्टॉइड पडतो. वाईट आकडे ज्याच्याकडून फारशी आशा नाही त्याच्या गळ्यात घालायचे, ही युक्ती. प्रत्यक्षात गेम किती इजा झाली, घाव वर्मी बसला का, यासाठीही आकडे उचलतो, त्यामुळे हिशेब इतका स्वच्छ राहत नाही. पण ‘दुसऱ्याला आधी झाडू दे’ एवढं करून निकाल बदलतो, हे खेळाडूंना लवकरच कळलं.

2013 साली आलेल्या ‘एनिमी विदिन’ या विस्तारात कंपनीने याला एक गमतीदार उत्तर दिलं. ‘सेकंड वेव्ह’ नावाच्या जादा पर्यायांमध्ये ‘सेव्ह स्कम’ असा चक्क एक पर्याय ठेवला. तो चालू केला की सेव्ह लोड करताना सीड नव्याने घेतला जातो. म्हणजे तीच गोळी पुन्हा झाडली तर निकाल वेगळा लागू शकतो. दुसऱ्या टोकाला ‘आयर्नमॅन’ पद्धत आधीपासून होतीच: एकच सेव्ह, तो गेम स्वतःच करत राहतो आणि मागे जायला जागा नाही. ही कडक शिस्त नवी नाही. 1980 च्या ‘रोग’ गेममध्ये सेव्ह उघडला की त्याची फाइल पुसली जायची. त्या फाइलची प्रत आधीच काढून ठेवणारे हे सेव्ह स्कमिंगचे मूळ पुरुष.

मजा जाते की नाही, हे मला या दोन सीडमधल्या फरकात दिसतं. सेव्ह मागे नेणं म्हटलं की सगळे एकाच मापाने मोजतात, पण त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. सीड तोच राहिला तर तुम्ही निर्णय पुन्हा घेता. सीड बदलला तर तुम्ही निर्णय तोच ठेवून नाणं पुन्हा उडवता. दुसऱ्या गोष्टीत काय हातचं जातं, ते ‘एक्सकॉम’च्या एका साध्या प्रसंगात दिसतं.

नवख्या शिपायाचा मूळ नेम 65. समोरचा सेक्टॉइड अर्ध्या आडोशाला असेल तर त्यातून 20 वजा होतात, पूर्ण आडोशाला असेल तर 40. म्हणजे जवळ-लांबच्या अंतराचा हिशेब बाजूला ठेवला तर भिंतीआडच्या शत्रूवर फक्त 25 टक्के. आता तुमच्यापुढे तीन वाटा. एक, 25 टक्क्यांवर गोळी झाडायची. दोन, शिपायाला उघड्यावर पळवत शत्रूच्या बगलेला न्यायचं. तिथे आडोशाचा फायदा नाही, पण पुढच्या पाळीत बाकीचे सेक्टॉइड त्याला टिपतील ही भीती. तीन, हातबॉम्ब. हातबॉम्ब हुकत नाही आणि त्याची 3 इजा सेक्टॉइडचा जीव घ्यायला पुरते. पण स्फोटात मेलेल्या शत्रूच्या शस्त्राचे तुकडे हाती लागत नाहीत, आणि तेच तुकडे तळावर संशोधनाला लागतात. शिवाय तो बॉम्ब त्या मोहिमेपुरता संपला.

गेमची सगळी गोडी या तीन वाटांच्या ओढाताणीत आहे. आता सीड बदलणारा पर्याय चालू करा आणि 25 टक्क्यांची गोळी झाडत राहा. आठ प्रयत्नांत एकदा तरी लागण्याची शक्यता 90 टक्क्यांवर पोहोचते. 65 ची गोळी तर तीन प्रयत्नांत जवळजवळ 96 टक्के. मग बगलेला कशाला जायचं? हातबॉम्ब कशाला फेकायचा? भिंत असली काय, नसली काय, फरक पडतो तो एवढाच की लोडिंगची पट्टी किती वेळा बघावी लागते. 25 आणि 65 या आकड्यांना अर्थच उरत नाही. खेळाडू प्रत्येक लढाई जिंकतो आणि तरी त्याला कंटाळा येतो. तो कंटाळा इथून येतो.

दुसरं नुकसान हळूहळू होतं. ‘एक्सकॉम’मध्ये घायाळ शिपाई बरेच दिवस दवाखान्यात पडून राहतात. मेलेल्यांची नावं तळावरच्या स्मृतिभिंतीवर लागतात. त्यामुळे नाइलाजाने दुसऱ्या फळीतल्यांना पुढे करावं लागतं, आणि चौथ्या-पाचव्या मोहिमेत ज्याच्याकडे आपण ढुंकूनही पाहिलं नव्हतं तोच सार्जंट होऊन टोपणनाव मिळवतो आणि पुढे सगळी टोळी वाचवतो. ज्याचा एकही शिपाई कधी मरत नाही, त्याच्या डावात हा माणूस कधी येतच नाही. गेमची रचना हार पचवून पुढे जाता यावं अशीच बेतलेली आहे, आणि ती हार पुसत गेलं तर गेमचा अर्धा भाग न उघडताच राहतो.

म्हणून सेव्ह मागे नेणं सरसकट वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. चुकून भलत्या चौकोनावर बोट पडलं, वीज गेली, गेममधल्या दोषामुळे शत्रू अचानक पाठीशी उगवला, तर मागे जाण्यात काहीच गैर नाही. आयर्नमॅनमध्ये अशा वेळी दाद मागायला जागाच राहत नाही, हा त्या पद्धतीचा खरा तोटा. दिवसाकाठी जेमतेम अर्धा तास खेळायला मिळणाऱ्या माणसाने तीन तासांची मेहनत एका गोळीपायी घालवावी, असा आग्रह धरण्यातही अर्थ नाही. आणि सीड तोच ठेवून मागे जाऊन ‘इथे बगलेला गेलो असतो तर?’ हे करून पाहणं म्हणजे अभ्यासच आहे.

‘फायर एम्ब्लेम: थ्री हाउसेस’ने 2019 साली यातून चांगली वाट काढली. लढाईत पाळ्या मागे फिरवता येतात, पण मोजक्या वेळा. सुरुवातीला फक्त 3. मागे जाणंच खर्चिक झालं, की ते कशासाठी वापरायचं याचा विचार करावा लागतो, आणि तो विचार पुन्हा खेळाचाच भाग होतो.

तुमच्या गेममध्ये सीड राहतो की बदलतो, हे घरबसल्या तपासता येतं. निम्म्या शक्यतेच्या गोळीआधी सेव्ह करा, मग मधे काहीही न हलवता तीच गोळी सहा-सात वेळा लोड करून झाडा. प्रत्येक वेळी निकाल आणि इजेचा आकडा दोन्ही तेच आले, तर सीड साठवलेला आहे. मग एकदा दुसऱ्या शिपायाला आधी झाडू द्या. निकाल बदलला तर सगळे एकाच यादीतून आकडे उचलताहेत. ‘एक्सकॉम’ पहिल्यांदा हाती घेणाऱ्याने माझ्या मते आयर्नमॅनच्या वाटेला जाऊ नये आणि ‘सेव्ह स्कम’ही बंद ठेवावं. मोहिमेच्या सुरुवातीला एक सेव्ह करावा, आणि मागे जायचंच झालं तर तिथपर्यंत जाऊन अख्खी मोहीम पुन्हा लढावी.