गच्चीवर दिवा आपला, उजेड शेजाऱ्याच्या डोळ्यांत

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात स्लॅबच्या खोल्या मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या असतात. त्यामुळे जेवण, मुलांचा अभ्यास, झोप सारे गच्चीवरच होते. अशा वेळी १४ एप्रिलला जयंतीसाठी लावलेला फोकस पुढेही तसाच राहतो. आपली सोय होते. पण पहिल्या पाळीसाठी पहाटे उठणाऱ्या समोरच्या कामगाराची झोप उडते.

आपण एक उदाहरण घेऊ. गच्ची १० बाय १२ फुटांची, मध्ये ८ फुटांची गल्ली आणि पलीकडे शेजाऱ्यांची खिडकी. फोकस आपल्या जिन्याच्या भिंतीवर, तोंड गल्लीकडे. अर्धा उजेड गच्ची ओलांडून थेट खिडकीत जातो. दिवा उलट बाजूला न्यावा. गल्लीकडच्या कठड्याला सहा फुटांचा पाइप पक्का बसवावा आणि दिव्याचे तोंड आत, खाली आपल्या फरशीकडे करावे. आता शेजाऱ्यांना दिव्याची पाठ दिसते. वर टोपी असलेला, पिवळसर उजेडाचा ९ वॅटचा एलईडी दिवा एवढ्या जागेला पुरतो. रात्री शेजाऱ्यांच्या खिडकीत उभे राहून पाहावे. बल्ब स्वतः डोळ्यांना दिसला, तर टोपी आणखी खाली हवी.

उघड्या गच्चीवर घरातला साधा होल्डर लावू नये. खोक्यावर ‘आयपी ६५’ लिहिलेला दिवा घ्यावा. यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो. वर छत असलेल्या गॅलरीत ‘आयपी ४४’ चालतो. वायर दिव्यात खालून घ्यावी आणि शिरण्याआधी तिला खाली झोल ठेवावा, म्हणजे पावसाचे पाणी तिथूनच ठिबकते. जोड नुसता टेप गुंडाळून उघडा ठेवू नये, बंद डबीत घ्यावा. काचेच्या आत वाफ धरलेली दिसली, तर पाणी शिरले असे समजून मेन स्विच बंद करावा व वायरमनला बोलवावे. लोखंडी पाइपाला अर्थिंग हवेच. शिवाय ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्यावी. विजेची गळती होताच ती वीज तोडते.

सोलर घ्यावा की वायरचा? ९ वॅटचा दिवा रोज ४ तास जळला, तर महिन्याला जेमतेम एक युनिट लागते. म्हणजे बिल वाचवण्यासाठी सोलर घेण्यात फारसा अर्थ नाही. वायर नेणे अवघड असेल, तिथे तो कामाचा. २ वॅटच्या पॅनेलला ५ तास कडक ऊन मिळाले, तरी तूट जाता १ वॅटचा दिवा सहा-सात तासच चालतो. जिन्याच्या पायरीला तेवढा पुरे, अभ्यासाला नाही. छताखालच्या गॅलरीत तो नीट चार्जच होत नाही आणि पावसाळी ढगांत लवकर विझतो. पॅनेल दक्षिणेकडे थोडे कलते ठेवावे, आठवड्याला धूळ पुसावी. भर उन्हाळ्यातही दिवा लवकर विझू लागला, तर बॅटरी संपत आली असे समजावे. म्हणून घेतानाच बॅटरी बदलता येते का, ते दुकानदाराला विचारावे.

झोपायच्या वेळी मोठा दिवा बंद करावा. जिन्यापुरता लहान दिवा पुरतो.