धूम्रपानाची टक्केवारी कशी वाचावी?

भारतातील प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणाच्या (गॅट्स) २००९-१० च्या फेरीत १५ वर्षांवरील १४ टक्के लोक धूम्रपान करत होते; २०१६-१७ मध्ये हे प्रमाण १०.७ टक्क्यांवर आले. संख्याशास्त्राच्या प्रकल्पासाठी ही आकडेवारी सोपी वाटते, पण ती मांडताना चुकायला भरपूर वाव आहे.

पहिला प्रश्न आलेखाचा. स्तंभालेखात स्तंभाची उंचीच आकडा सांगते, म्हणून उभा अक्ष शून्यापासून सुरू करावा लागतो. तो दहापासून सुरू केला, तर पहिला स्तंभ ४ एककांचा आणि दुसरा जेमतेम ०.७ चा दिसेल. धूम्रपान जवळपास संपलेच, असा भास होईल. फेऱ्या दोनच असल्याने त्यांना जोडणारी रेघ ओढून मधल्या वर्षांची वाटचाल सुचवणेही योग्य नाही. ही घट ३.३ टक्केबिंदूंची आहे आणि मूळ प्रमाणाच्या तुलनेत सुमारे २४ टक्के. यातला कोणता आकडा दिला आहे, ते स्पष्ट लिहावे.

दुसरा प्रश्न वयाचा. धूम्रपानाचे प्रमाण वयानुसार बदलते, त्यामुळे तरुण आणि वयस्क लोकसंख्येची थेट तुलना फसवी ठरू शकते. दोन काल्पनिक शहरे घेऊ. ‘अ’ शहरात १५-२९, ३०-५९ आणि ६० वर्षांवरील गटांत अनुक्रमे ६, १६ आणि २२ टक्के लोक धूम्रपान करतात. ‘ब’ शहरात ५, १४ आणि २०. म्हणजे प्रत्येक वयोगटात ‘अ’च पुढे आहे. मात्र ‘अ’मध्ये या गटांचा लोकसंख्येतील वाटा ६०, ३० आणि १० टक्के आहे, तर ‘ब’मध्ये २०, ५० आणि ३० टक्के. परिणामी एकूण दर ‘अ’चा १०.६ आणि ‘ब’चा १४ टक्के निघतो.

यावर उपाय म्हणजे दोन्ही शहरांचे वयोगटवार दर एकाच प्रमाण लोकसंख्येला लावणे. तीत या गटांचा वाटा ४०, ४० आणि २० टक्के धरला, तर प्रत्येक दराला त्या वाट्याने गुणून बेरीज करायची. ‘अ’चा दर १३.२ आणि ‘ब’चा ११.६ टक्के येतो, चित्र उलटते. हा आकडा निवडलेल्या प्रमाण लोकसंख्येवर अवलंबून असल्याने ती कोणती, हे नमूद करावे लागते.

तिसरा प्रश्न व्याख्येचा. २०१६-१७ मध्ये महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते, पण मशेरी, गुटखा, खैनी यांसारखी धूररहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. केवळ धूम्रपानाच्या आकड्यावरून राज्य तंबाखूपासून दूर आहे, असे म्हणणे चूक ठरेल.

वय-प्रमाणित दर तुलनेपुरताच वापरावा. एखाद्या शहरात प्रत्यक्ष किती लोक धूम्रपान करतात, हे मूळ एकूण दरच सांगतो. म्हणून प्रकल्पात दोन्ही दर शेजारी-शेजारी द्यावेत.