घराभोवतीचा चर : किती खडी, किती पाईप?

कोकणात उतारावर घर बांधताना मागची दरड कापून सपाटी काढतात आणि त्या सपाटीवर जोते उभे राहते. जून-जुलैत डोंगरात मुरलेले पाणी जांभ्याच्या खालच्या चिकट मातीवरून सरकत येते आणि थेट पायाला भिडते. घराच्या मागच्या खोलीची फरशी घामेजते, भिंतीचा खालचा दोन-तीन फुटांचा रंग पोपडे धरतो. वरून कितीही वॉटरप्रूफिंग केले तरी हे पाणी थांबत नाही, कारण ते वरून आलेलेच नसते. त्याला पायापर्यंत पोचण्याआधी अडवून बाजूला काढावे लागते. त्यासाठी घराभोवती चर खणून त्यात भोकांचा पाईप आणि खडी भरतात. हेन्री फ्रेंच नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1859 साली शेतातल्या निचऱ्यावर पुस्तक लिहिले, त्याच्या आडनावावरून या चराला ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणतात.

चराचे काम गवंडी आणि प्लंबर दोघांनाही ठाऊक असते. गोंधळ होतो तो सामान मागवताना. खडी कमी पडली की अर्ध्या ब्राससाठी कोणी ट्रक पाठवत नाही, आणि उघडा चर पहिल्या पावसात ढासळतो. म्हणून हिशोब आधी कागदावर केलेला बरा. एक उदाहरण घेऊ.

घर बाहेरून 40 फूट बाय 30 फूट. चर भिंतीला चिकटून खणायचा नसतो, कारण पायाजवळची माती सैल झाली तर ओल परवडली असे म्हणायची वेळ येते. चराचा तळ पायाच्या तळापेक्षा खाली जाता कामा नये, हा पहिला नियम. आपल्या घराचा पाया चार-साडेचार फूट खोल आहे असे धरू आणि चराची मध्यरेषा भिंतीपासून 3 फुटांवर घेऊ. चराची रुंदी दीड फूट.

आता पाईपची लांबी. बहुतेक जण घराचा परीघ मोजतात, 140 फूट, आणि तेवढाच पाईप सांगतात. पण पाईप भिंतीवरून जात नाही, मध्यरेषेवरून जातो. ती रेषा दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट बाहेर असल्याने तिचा चौकोन 46 बाय 36 होतो आणि परीघ 164 फूट. हा 24 फुटांचा फरक म्हणजे अंतराच्या आठपट. चौकोनी घर लहान असो वा मोठे, मध्यरेषा भिंतीपासून जितकी लांब तिच्या आठपट लांबी वाढते. एवढे लक्षात ठेवले की फीत घेऊन घराभोवती फिरायची गरज उरत नाही.

या कामाला चार इंची पीव्हीसी पाईप पुरतो, म्हणजे बाहेरून 110 मिलीमीटरचा. तो 6 मीटर लांबीत घेतला तर एक नग पावणेवीस फुटांच्या आसपास भरतो. जोडणीत प्रत्येक ठिकाणी काही इंच आत जातात, तेव्हा 164 फुटांना नऊ नग लागतात आणि आठ-दहा फूट उरतात. शिवाय चराच्या शेवटापासून वहाळापर्यंत पाणी नेणारा पाईप वेगळा. तो आपल्या उदाहरणात 35 फूट आहे, म्हणजे आणखी दोन नग, आणि त्याला भोके नकोत. वाटेत पाणी सांडायचे नसून शेवटी पोचवायचे आहे.

उतार मात्र खडीचा हिशोब बिघडवतो. पाईपला शंभराला एक असा ढाळ द्यायचा, म्हणजे दर दहा फुटांना साधारण सव्वा इंच. सगळा चर एकाच दिशेने फिरवला तर 164 फुटांत शेवट वीस इंच खाली जाईल. त्यापेक्षा सर्वांत उंच कोपऱ्यापासून दोन शाखा काढाव्यात, एक डावीकडून, एक उजवीकडून, आणि समोरच्या तिरप्या कोपऱ्यात त्या एकत्र आणाव्यात. दोन्ही शाखा 82 फुटांच्या होतात आणि घसरण फक्त दहा इंचांची. उंच कोपऱ्यात चर 2 फूट खोल, खालच्या कोपऱ्यात 2 फूट 10 इंच. हा ढाळ नजरेने कधीच जमत नाही. पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल नळी आणि दर दहा फुटांवर एक खुंटी, एवढे पुरते.

वरचे सहा इंच पुन्हा मातीने झाकायचे असतील तर खडीची उंची एका टोकाला दीड फूट, दुसऱ्या टोकाला 2.3 फूट, सरासरी 1.9 फूट. 164 गुणिले दीड म्हणजे 246 चौरस फूट क्षेत्र, त्याला 1.9 ने गुणले की सुमारे 468 घनफूट. त्यातून पाईपने व्यापलेली जागा वजा करायची. ती भीती वाटते त्यापेक्षा फार कमी निघते, जेमतेम 17 घनफूट. उरले 450. ब्रास म्हणजे 100 घनफूट, तेव्हा साडेचार ब्रास. खणताना कडा ढासळतात, चर दीड फुटांचा पावणेदोन होतो, थोडी खडी मातीत रुतते. म्हणून दहा टक्के वाढवून पाच ब्रास मागवावी.

उतार विसरून सगळीकडे दीड फूटच उंची धरली असती तर खडी जवळपास पूर्ण एक ब्रास कमी आली असती. कामावर ‘खडी कुठे गेली’ अशी जी कुजबुज होते, तिचे उत्तर बहुतेक वेळा चोरीत नसून या दहा इंचांत असते. तरीही ट्रक रिकामा होण्याआधी मोजून घ्यावा. हौद्याची लांबी, रुंदी आणि खडीची सरासरी उंची फुटांत घेऊन गुणाकाराला शंभरने भागले की ब्रास कळतो. मधे डोंगर आणि कडेला खळगा असेल तर खडी सपाट करायला सांगावे. त्यात गैर काहीच नाही.

खडी 20 मिलीमीटरची, एकाच मापाची हवी. वेगवेगळ्या मापांची खडी एकमेकांत घट्ट बसते, ते काँक्रीटला चांगले, चराला वाईट. एका मापाच्या खडीत साधारण चाळीस टक्के जागा मोकळी राहते आणि पाणी चालते ते त्याच जागेतून. खाणीवरून आलेल्या खडीत दगडाची भुकटी, म्हणजे कच, किती आहे ते पाहायला प्रयोगशाळा नको. पारदर्शक बाटलीत दोन मुठी खडी आणि पाणी घालून हलवावे, दहा मिनिटे ठेवावे. तळाशी बोटभर गाळ बसला तर ती खडी धुऊन घ्यावी किंवा परत पाठवावी. हाच गाळ पुढे पाईपच्या तळाशी बसतो.

बाहेरची माती खडीत शिरू नये म्हणून चराला आतून जिओटेक्सटाईल कापडाचे अस्तर लावतात. खडी भरून झाली की कापड वरून दुमडून एक फूट एकावर एक घ्यायचे. तळ, दोन बाजू आणि वरची दुमड धरून उंच कोपऱ्यात सात फूट तर खालच्या कोपऱ्यात साडेआठ फूट रुंदी लागते. सगळे मिळून सुमारे 1300 चौरस फूट, सांध्यांसकट 1400. इथे पैसे वाचवायचा मोह होतो आणि लोक ताडपत्री किंवा प्लास्टिकचा कागद अंथरतात. ताडपत्रीतून पाणीच आत येत नाही. मग बाहेर ओल आणि आत कोरडी खडी, असा पाच ब्रासचा शोभेचा चर तयार होतो.

पाईप ठेवण्याआधी तळाशी तीन इंच खडी पसरायची आणि पाईपची भोके खालच्या अंगाला ठेवायची. हे ऐकून पुष्कळांना चुकल्यासारखे वाटते, कारण पाणी वरून पडते ही सवय डोक्यात असते. चरात पाणी तळापासून वर चढते. भोके खाली असली तर ते पाईपच्या पातळीला येताच आत शिरते आणि वाहू लागते. भोके वर असली तर पाईप बुडेपर्यंत पाणी चरात साचून राहते. तयार भोकांचा पाईप मिळाला नाही तर साध्या पाईपला आठ-दहा मिलीमीटरची भोके खालच्या बाजूला दोन रांगांत पाडून घेता येतात. भोक खडीपेक्षा लहान हवे एवढेच. भोके पाडण्याआधी दोन-दोन फुटांचे दोन तुकडे कापून बाजूला ठेवावेत, त्यांचे काम पुढे आहे.

पागोळ्यांचे पाणी याच पाईपला जोडण्याची कल्पना प्रत्येक घरात कोणाला तरी सुचते. या घराचे छप्पर पागोळ्यांसकट 1500 चौरस फूट भरते. तासाला 100 मिलीमीटरची सर कोसळली तर त्यावरून तासाला चौदा हजार लिटर पाणी उतरते. त्या ढाळावर चार इंची पाईप सेकंदाला साडेसहा लिटरच्या आसपास वाहून नेतो, आणि छपराचे पाणीच त्यातले निम्म्याहून अधिक खाते. भरलेल्या पाईपच्या भोकांतून ते पाणी उलट पायाकडे बाहेर पडते. पागोळ्यांना स्वतंत्र, बिनभोकांचा पाईप किंवा उघडे गटार हवे.

सगळ्यांत जास्त चर फसतात ते शेवटच्या टोकाला. मे महिन्यात वहाळ कोरडा असतो आणि पाईपचे तोंड त्याच्या काठाखाली छान उघडे दिसते. जुलैत वहाळ दोन-तीन फूट चढतो, तोंड बुडते आणि पाणी पाईपमधून घराकडे मागे फिरते. तेव्हा तोंडाची पातळी भर पावसातल्या पाण्याच्या खुणेवर ठरवावी, उन्हाळ्यातल्या तळावर नाही. खूण काठच्या झुडपांत अडकलेल्या काटक्या-पाचोळ्यावरून ओळखता येते. तोंड त्या खुणेच्या वर काढता येत नसेल तर एकतर्फी झडप बसवावी. तेही जमण्यासारखे नसेल तर हा चर त्या जागेसाठी नाही, हे मान्य करून बेत बदलावा. काळ्या मातीच्या गावांतही हाच सल्ला लागू आहे. तिथे पाणी मातीतून अतिशय हळू सरते आणि तुंबलेला चर पायाशेजारी पाण्याची टाकी होऊन बसतो. ती माती ओलीने फुगते, त्यामुळे भिंतीला तडे जाण्याचा धोका उलट वाढतो.

उतारावरच्या घराला चारही बाजूंनी चर लागतोच असेही नाही. पाणी एकाच अंगाने येत असेल तर मागची बाजू आणि दोन बगला पुरतात. लांबी 118 फुटांवर येते आणि खडीही त्याच प्रमाणात घटते. चर आखण्याआधी एका पावसाळ्यात ओल कुठून चढते ते पाहिले तर दीड-एक ब्रासची बचत होऊ शकते.

बाजूला ठेवलेले दोन तुकडे उंच कोपऱ्यात दोन्ही शाखांच्या तोंडाशी उभे लावून वर झाकण बसवायचे. दर मे महिन्यात त्यांतून होजपाईपने पाणी सोडावे. काही मिनिटांत ते वहाळाच्या टोकाला दिसले पाहिजे. मातकट पाणी येत राहिले तर कापड कुठेतरी फाटले आहे, आणि पाणी आलेच नाही तर पाईपमध्ये गाळ किंवा मुळे आहेत. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवणारे कारागीर ही झाकणे हमखास गाडून टाकतात, तेव्हा ब्लॉक बसवायच्या दिवशी स्वतः हजर राहा.