डिस्चार्जचा कागद मराठीत लिहिताना: ‘दर आठ दिवसांनी’ असं का लिहायचं नाही

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, म्हणून आजचा भाग घरचाच किस्सा घेऊन.

माझी मावशी ठाकुर्लीला राहते, चोळेगावात. तिला संधिवात आहे, ऱ्हुमॅटॉइड. सांधे फार सुजले म्हणून चार दिवस ॲडमिट होती. घरी आली त्या संध्याकाळी मी गेलो, तर काका गोळ्यांची सात कप्प्यांची डबी भरत बसलेले. प्रत्येक कप्प्यात मेथोट्रेक्सेटच्या दोन गोळ्या!

कागदावर लिहिलं होतं, ‘टॅब. मेथोट्रेक्सेट ७.५ एमजी, २ टॅब, वन्स वीकली, सन.’ बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या, मग काकांनी हीपण रोजचीच धरली. ‘सन’ त्यांनी वाचलंच नव्हतं. हे औषध संधिवातात आठवड्यातून एकदाच घेतात. रोज घेतलं तर रक्तातल्या पेशी तयार होणंच मंदावतं, आणि चुकून रोज घेतल्यामुळे माणसं दगावलेली आहेत. मावशीनं अजून एकही घेतली नव्हती, एवढंच नशीब.

मग मी तो कागद मराठीत लिहायला घेतला. पहिल्यांदा काय लिहिलं माहितीये? ‘दर आठ दिवसांनी’. आपण आठवड्याला ‘आठ दिवस’च म्हणतो ना! पण डबी भरणारा माणूस खरंच आठ मोजू शकतो. एकदा रविवार, मग सोमवार, मग मंगळवार. शिवाय फॉलिक ॲसिडची गोळी दर मंगळवारी होती, म्हणजे दोन्ही एका दिवशी यायच्या. आणि या दोन औषधांच्या काही ब्रँडची नावंही ‘फोल’नंच सुरू होतात! म्हणून ते खोडून वाराचं नाव लिहिलं. ‘पंधरा दिवस’चंही तेच. डॉक्टरांचे दोन आठवडे म्हणजे चौदा दिवस, तिथे सरळ तारीख लिहावी.

शेवटी ओळ अशी झाली: ‘मेथोट्रेक्सेट, साडेसात एमजीची गोळी. फक्त रविवारी, रात्री जेवल्यावर, दोन गोळ्या एकदम. इतर सहा दिवस ही गोळी घ्यायची नाही.’ ‘रात्री जेवल्यावर’ मी मनानं घातलं नाही हां. कागदावर वेळ नव्हती, मी वॉर्डच्या नंबरवर फोन करून विचारली. रविवारी विसरली तर काय, हेपण तेव्हाच विचारून घेतलं आणि त्यांनी सांगितलं तसं खाली लिहिलं. जे कागदावर नाही ते गुगलवरून भरायचं नाही.

‘साडेसात’ अक्षरात का? कारण ७.५ मधला टिंब पुसला की पंचाहत्तर होतात. साडेसातचे पंचाहत्तर कुणी वाचत नाही. आकडा मात्र शेजारी पट्टीवर छापलाय तसाच, इंग्रजीत ठेवला. काका पट्टी कागदाला लावून बघतात, आणि घाईत काढलेला आपला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो.

खाली अजून एक ओळ: ‘चार रविवार, एकूण आठ गोळ्या.’ चौथा रविवार यायच्या आत आठ संपल्या, तर कुठेतरी गडबड झालीये हे लगेच कळतं.

आता इशारे. इथे मी स्वतःच फसणार होतो. कागदावर होतं, ‘माउथ अल्सर्स, फीवर, ब्रेथलेसनेस: विथहोल्ड अँड रिपोर्ट इमिजिएटली.’ काकांना वाटलं, रक्ताचा रिपोर्ट काढायचा! ‘रिपोर्ट’ म्हटलं की आपल्याला लॅबच आठवते. आणि माउथ अल्सर म्हणजे ‘तोंड येणं’, पण आपल्याकडे तोंड आलं की ‘उष्णता झाली’ म्हणून गुलकंद देतात. नुसतं भाषांतर बरोबर असून मावशी घरीच बसली असती. तोंडाच्या आतली त्वचा भराभर नवी होत असते, त्यामुळे या औषधाचा त्रास बऱ्याचदा तिथे आधी दिसतो. म्हणून असं लिहिलं: ‘तोंड आलं, ताप आला किंवा दम लागला, तर पुढची मेथोट्रेक्सेट घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. तोंड आलं तर उष्णता समजू नका.’ खाली फोन नंबर, मोठ्या अक्षरात.

शेवटचं काम, मूळ कागद मराठीच्या मागे स्टेपल केला. उद्या दुसऱ्या डॉक्टरांना मूळच दाखवायचाय. आणि मावशीला विचारलं, ‘सोमवारी कुठली गोळी नाही घ्यायची?’ ती म्हणाली, ‘रविवारचीच ना रे?’ काका तेवढ्यात डबी रिकामी करायला लागले होते.