दोन चाळीस की अडीच?

इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या वरच्या चार विभागांत एका हंगामात २,०३६ साखळी सामने होतात. प्रीमियर लीगचे ३८० आणि खालच्या तीन विभागांचे प्रत्येकी ५५२. प्रत्येक सामन्याचे निकाल तीन : यजमान जिंकणार, बरोबरी, पाहुणे जिंकणार. दहा बुकी धरले आणि प्रत्येकाचा भाव फक्त एकदाच टिपला, तरी ६१,०८० भाव होतात. प्रत्यक्षात ते सामना सुरू होईपर्यंत हलत असतात. एकाच निकालाला दहाही जणांनी नेमका तोच भाव दिलाय, असं क्वचितच दिसतं.

मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर बुकींच्या रिंगमध्ये भाव बघत एका स्टॉलवरून दुसऱ्यावर फिरणारी मंडळी असतात. ब्रिटनमध्ये, जिथे परवानाधारक बुकींकडे पैज लावणं कायदेशीर आहे, तेच काम फोनवर होतं. आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या कायद्याने बंदी आली आहे, त्यामुळे इथला हिशेब पौंडातच राहू दे.

समजा, एका बुकीने एका सामन्याला २.४०, ३.३० आणि ३.०० असे भाव दिले. २.४० म्हणजे एक पौंड लावला आणि जिंकलात तर मुद्दलासकट दोन पौंड चाळीस पेन्स. प्रत्येक भावाने एकाला भागा आणि तिन्ही उत्तरांची बेरीज करा. ती येते १.०५३. एकच्या वरचा तो तुकडा बुकीची कमाई. डोळे मिटून पैसे लावणाऱ्याचे दर शंभर पौंडांमागे साधारण ५ पौंड ४ पेन्स जातात. आता दहा बुकींमधून प्रत्येक निकालाचा सगळ्यात वरचा भाव उचला : २.५०, ३.४५, ३.१०. बेरीज उतरते १.०१२४वर आणि शंभरामागचा तोटा १ पौंड २३ पेन्सवर. बुकी एकमेकांशी स्पर्धा करतात, म्हणूनच हे शक्य होतं. हे तिन्ही भाव एकाच दुकानात सहसा मिळत नाहीत.

दोन बेरजांचं गुणोत्तर १.०४. म्हणजे भाव सरासरी चार टक्क्यांनी वाढले. ऐकायला किरकोळ. पण आठवड्याला डझनभर पैजा लावणारा माणूस वर्षात साधारण ६०० पैजा लावतो. दर वेळी २० पौंड, म्हणजे उलाढाल १२,००० पौंड. एकाच बुकीकडे त्याचे ६०४ पौंड जातात, फिरून भाव घेतला तर १४७. फरक ४५७ पौंडांचा. या माणसाने पैजांसाठी वेगळे काढून ठेवलेले पैसे १,००० पौंड असतील, तर तेच पैसे वर्षात बारा वेळा फिरले आणि चार टक्क्यांनी त्यातले जवळजवळ निम्मे वाचवले. सामन्यांबद्दलची त्याची समज रतीभरही वाढलेली नसताना!

खरी गंमत मात्र ज्याची निवड थोडी बरी आहे त्याच्या बाबतीत होते. यील्ड म्हणजे लावलेल्या शंभरामागे हाती उरलेला नफा. ते दोन टक्के असेल, तर शंभराचे १०२ होतात. भाव चार टक्क्यांनी वाढला की १०२ गुणिले १.०४, म्हणजे १०६.०८. नफा दोनाचा सहा झाला, तिप्पट. भाव वाढतो तो परत येणाऱ्या पूर्ण रकमेवर आणि नफा असतो त्या रकमेचा पातळ पापुद्रा. म्हणून पापुद्र्यात तो फरक प्रचंड दिसतो.

आता हा फायदा मोजायचा कसा? बहुतेक जण इथेच फसतात. गेल्या वर्षी एकाच बुकीकडे लावलं, यंदा फिरून लावलं, मग दोन वर्षांचे निकाल शेजारी ठेवले, असं करून काही कळत नाही. अडीचच्या आसपासच्या भावाला एका पैजेचा चढउतार लावलेल्या रकमेच्या सव्वापटीच्या आसपास असतो. तो ६०० पैजांवर पसरला तरी वर्षाचं यील्ड नुसत्या नशिबाने पाच टक्के इकडे-तिकडे सहज होतं. त्या गोंगाटात ३.८ टक्क्यांचा फायदा केवळ निकालांवरून खात्रीने ओळखायचा, तर दोन्ही पद्धतींच्या प्रत्येकी सुमारे ८,३०० पैजा लागतील. वर्षाला ६००च्या दराने प्रत्येकी जवळपास चौदा वर्षं, दोन्हींची मिळून अठ्ठावीस.

निकाल बाजूला ठेवले तर हीच गोष्ट काही आठवड्यांत कळते. पैज लावताना त्याच क्षणी दोन आकडे टिपायचे : नेहमीच्या बुकीचा भाव आणि सगळ्यात वरचा भाव. चेंडू जाळ्यात जावो न जावो, गुणोत्तर तेच राहतं, त्यात नशिबाचा भाग नाही. football-data.co.uk वर इंग्लिश सामन्यांचे जुने भाव फायलींत मिळतात. त्यात `MaxH` हा यजमानांच्या विजयाचा सर्वोच्च भाव आणि `AvgH` सरासरी. `MaxH / AvgH - 1` काढलं की अंदाज येतो, पण तो फुगलेला असतो. १.३०चा भाव १.३३ मिळाला तर वाढ जेमतेम सव्वादोन टक्के. ११चा १३ मिळाला तर १८. अशा चार-दोन लांबच्या पैजा सरासरी वर ओढतात. शिवाय सगळ्यात वरचा भाव बरेचदा अशा बुकीचा असतो ज्याने तो खाली आणायला उशीर केलाय, आणि तुम्ही पोचेपर्यंत तो गेलेला असतो. उघड चुकीचा भाव असेल तर पैजच रद्द होऊ शकते. बेटफेअरसारख्या एक्स्चेंजवरचा २.६० पाहून हुरळून जाऊ नये. जिंकलेल्या रकमेवर पाच टक्के कमिशन धरलं, तर तो खरा २.५२ असतो.

खाती किती हवीत, याचंही एक गणित आहे. बुकींचे भाव घंटेच्या आकाराच्या वितरणाप्रमाणे, अडीच टक्क्यांच्या प्रमाणित विचलनाने विखुरलेले मानले, तर दोन बुकींमधला चांगला भाव सरासरीपेक्षा १.४ टक्क्यांनी वर असतो, पाचांमधला २.९, दहांमधला ३.८ आणि विसांमधला ४.७. पहिली पाच खाती दहांचं पाऊण काम करून जातात. दहांच्या पुढची आणखी दहा उघडायला मी तरी कंटाळा करीन.

२०१७मध्ये लिसांद्रो काउनित्झ आणि दोन सहकाऱ्यांनी हीच कल्पना टोकाला नेली. दहा वर्षांचे ४,७९,४४० सामने, ३२ बुकी. सर्वांच्या सरासरीपेक्षा ज्याचा भाव पुरेसा वर असेल त्याच्याकडेच लावायचं. जुन्या आकड्यांवर ५६,४३५ पैजांत यील्ड ३.५ टक्के निघालं. मग खऱ्या पैशांनी २६५ पैजा लावल्या, यील्ड ८.५. वरच्याच मापाने २६५ पैजांचा गोंगाट साडेसात टक्क्यांच्या घरात जातो, म्हणजे त्या ८.५वरून फारसं काही सिद्ध होत नाही. भक्कम आकडा ३.५चाच. आणि काही महिन्यांतच बुकींनी त्यांच्या खात्यांवर मर्यादा घालायला सुरुवात केली.

वर्षाच्या हिशेबात ही मर्यादा धरावीच लागते, कारण कायम वरचाच भाव उचलणारं गिऱ्हाईक बुकीला लगेच ओळखू येतं. समजा, पहिल्या २०० पैजा दहा बुकींमधून लावल्या आणि नंतर दोनच खाती चालू राहिली. मग २०० पैजांवर चार टक्के आणि ४०० पैजांवर १.४, सरासरी २.२७. आपल्या डोळे मिटून लावणाऱ्याचे वाचले २५८ पौंड, म्हणजे ४५७चे अर्ध्याहून थोडे जास्त, आणि ३४६ पौंड तरीही गेले. दोन टक्केवाल्याचं यील्ड सहाऐवजी ४.३वर थांबलं.