तिकिटं बंद होतात, पण सुटत नाहीत

ग्राहकसेवा केंद्रात थकलेला माणूस आकड्यांत लगेच दिसत नाही. बंद केलेल्या तिकिटांची संख्या तेवढीच राहते. पुन्हा उघडणारी तिकिटं मात्र वाढतात. अवघड तक्रार बाजूला सारून सोपी उचलली जाते, न वाचताच तयार उत्तर चिकटवलं जातं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं मांडली: शक्तिपात, कामाविषयी तुटलेपण, घटलेली परिणामकारकता. संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणते.

सुट्टीनंतरही पहिल्याच तिकिटाला चीड येत असेल, तर टीम लीडरकडे स्वतंत्र वेळ मागावी. ‘थकलोय’ एवढ्यावर बोळवण होते. पुन्हा उघडलेल्या तिकिटांचा आकडा दाखवून ‘दोन आठवडे परताव्याच्या रांगेतून बदली द्या’ असं नेमकं मागावं.

झोपच उडाली असेल, तर टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.